नुसती नावांची यादी, त्यात काय एवढं? क्लबची सदस्य-यादी 'वैयक्तिक डेटा' का ठरते आणि ती कशी सांभाळायची?

समजा, एका शहरात १४० सदस्यांचा ट्रेकिंग क्लब आहे. वर्गणीचा हिशेब जुळत नाही म्हणून सचिव क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक एक्सेल फाइल टाकतात आणि खाली लिहितात, "आपापलं नाव तपासून घ्या." फाइलमध्ये नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, रक्तगट, घरच्या माणसाचा नंबर आणि वर्गणी भरली की नाही, असं सगळं आहे.

दहा मिनिटांत कुणीतरी विचारतं, "हे सगळ्यांना का पाठवलं?" त्यावर उत्तर येतं, "अहो, नावांचीच तर यादी आहे. आपण सगळे एकमेकांना ओळखतोच की!"

हे उत्तर बहुतेक क्लबांत, मंडळांत आणि सोसायट्यांत ऐकू येतं. पण भारताचा डेटा संरक्षण कायदा या फाइलकडे वेगळ्या नजरेने पाहतो. फाइलमधले बाकीचे सगळे रकाने काढून फक्त नावं ठेवली, तरी ती नजर बदलत नाही. असं का?

नाव एकटं नसतं, यादीला शीर्षक असतं

'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३' मध्ये वैयक्तिक डेटाची व्याख्या एका ओळीची आहे. ज्या माहितीवरून किंवा ज्या माहितीच्या संदर्भाने एखादी व्यक्ती ओळखता येते, अशी त्या व्यक्तीबद्दलची कोणतीही माहिती म्हणजे वैयक्तिक डेटा. ती गुप्त असावी, नाजूक असावी, अशी अट यात नाही.

सुनीता जाधव या नावाच्या हजारो महिला महाराष्ट्रात असतील. नुसत्या नावावरून त्यातली कोणती, हे सांगता येणार नाही. पण तेच नाव एका गावातल्या ४० जणांच्या यादीत आलं, की ती नेमकी कोण हे गावातला कुणीही सांगेल. ओळख पटते ती नाव आणि संदर्भ एकत्र आल्यामुळे.

आणि यादीचा संदर्भ तिच्या शीर्षकातच असतो. 'मधुमेही सदस्यांचा योगवर्ग' असं शीर्षक असेल, तर खालच्या प्रत्येक नावापुढे न लिहिता एक आजार लिहिलेला असतो. 'वर्गणी थकलेले सदस्य' असं असेल, तर प्रत्येकाची पैशांची बाब त्यात येते. 'शनिवार-रविवारच्या ट्रेकला येणारे ३२ जण' ही तर अगदी साधी यादी वाटते. पण ती वाचणाऱ्याला त्या दोन दिवसांत कोणकोण घरी नसणार, हे कळतं.

स्वीडनमधल्या एका चर्चची गोष्ट

हा वाद जुना आहे. १९९८ च्या अखेरीस स्वीडनमधल्या एका चर्चमध्ये सेवा करणाऱ्या महिलेने घरच्या संगणकावर काही वेबपानं तयार केली. त्यात तिच्यासह चर्चमधल्या १८ सहकाऱ्यांची माहिती होती. काहींचं पूर्ण नाव, काहींचं फक्त पहिलं नाव, कामं, छंद, काहींचे फोन नंबर. सूर हलकाफुलका होता. एका सहकाऱ्याच्या पायाला दुखापत झाल्यामुळे ती वैद्यकीय रजेवर अर्धवेळ काम करते, असाही उल्लेख होता. यासाठी कुणालाही विचारलेलं नव्हतं.

काहींना ते आवडलं नाही, हे कळल्यावर तिने पानं काढून टाकली. तरीही खटला झाला आणि खालच्या न्यायालयाने ४,००० क्रोनर दंड केला. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि ६ नोव्हेंबर २००३ रोजी निकाल आला. एखाद्याचा नावाने उल्लेख करून त्याचा फोन, काम किंवा छंद वेबपानावर देणं म्हणजे वैयक्तिक डेटावर केलेली प्रक्रियाच आहे, असं न्यायालयाने म्हटलं. पायाच्या दुखापतीचा उल्लेख आरोग्याची माहिती ठरला. माहिती इंटरनेटवर कुणालाही दिसेल अशी ठेवल्यामुळे 'हे माझं घरगुती काम होतं' हा बचावही टिकला नाही.

हा निकाल भारताला बांधील नाही. पण 'नफा नाही, वाईट हेतू नाही, सगळे ओळखीचेच' ही कारणं यादीला वैयक्तिक डेटाच्या बाहेर काढत नाहीत, हे त्यातून स्पष्ट होतं.

भारतात क्लबला हा कायदा लागू होतो का?

भारतीय कायद्यातही घरगुती वापराला सूट आहे. तुमच्या मोबाइलमधले काका, मावशी आणि मित्रांचे नंबर या सूटमध्ये येतात. पण ही सूट व्यक्तीला तिच्या वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी आहे. सचिवांच्या लॅपटॉपवरची सदस्य-यादी क्लबच्या कामासाठी असते, मग लॅपटॉप त्यांचा स्वतःचा का असेना.

'आमचा क्लब नोंदणीकृत नाही' हेही उत्तर पुरत नाही. कायद्यातल्या 'व्यक्ती' या शब्दात नोंदणी नसलेला माणसांचा समूहही येतो. माहिती का आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याला कायदा 'डेटा फिड्युशियरी' म्हणतो, म्हणजे विश्वासाने माहिती सांभाळणारा. इथे तो क्लब आहे.

वहीत पेनाने लिहिलेली यादी या कायद्याखाली येत नाही. पण त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, की ती डिजिटल झाली आणि कायद्याच्या कक्षेत आली.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सूचना देणं, सुरक्षा ठेवणं, माहिती फुटली तर कळवणं या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष रक्कम ठरवताना चुकीचं गांभीर्य, कालावधी आणि माहितीचं स्वरूप पाहिलं जातं.

आधी रकाने कमी करा

यादी सांभाळण्याची पहिली पायरी कुलूप लावणं नाही. जे ठेवायचंच नाही ते काढून टाकणं ही पहिली पायरी. ट्रेकिंग क्लबने प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न लिहावा: हे नसेल तर कोणतं काम अडेल?

नाव आणि मोबाइल नसेल तर सूचना पोहोचणार नाही, म्हणून ते हवेत. पत्ता? क्लब पोस्टाने काही पाठवत नसेल तर नको. जन्मतारीख? बहुतेक वेळा सदस्य १८ वर्षांवरील आहे का, एवढंच हवं असतं. त्यासाठी 'हो' किंवा 'नाही' पुरतं. १८ वर्षांखालील सदस्य असेल तर मात्र त्याची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

रक्तगट सगळे क्लब विचारतात. पण रक्त चढवण्याआधी रुग्णालय रक्तगट स्वतः तपासून घेतं, यादीवर विसंबत नाही. ट्रेकमध्ये त्याहून उपयोगी पडते ती दम्याची किंवा ॲलर्जीची माहिती. तीही फक्त त्या ट्रेकपुरती आणि फक्त ट्रेक लीडरकडे.

घरच्या माणसाचा नंबर आवश्यक आहे, पण तो त्या माणसाचा डेटा आहे. क्लबकडे नंबर दिल्याचं सदस्याने घरी सांगितलं आहे ना, एवढं फॉर्मवर विचारून घ्यावं. आधार कार्डाचा फोटो मुक्कामाच्या ठिकाणी दाखवावा लागत असेल, तर सदस्याने स्वतः दाखवावा. क्लबने साठवू नये.

एक मूळ यादी, तिघांकडे चावी

आता ठेवायची कुठे? क्लबच्या नावाचं वेगळं ईमेल खातं उघडावं, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी आणि मूळ यादी त्याच खात्यात ठेवावी. सचिवांच्या खासगी खात्यात ठेवली, तर पद बदललं तरी यादी जुन्या सचिवांकडेच राहते.

गूगल शीट वापरत असाल तर Share मध्ये जाऊन `Restricted` निवडा आणि सचिव, खजिनदार अशा दोन-तीन जणांचे ईमेल जोडा. `Anyone with the link` असेल, तर लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला यादी दिसते. हे तपासायला सोपं आहे. ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत लिंक उघडा. लॉगिन न करता यादी दिसली, तर ती उघडी आहे.

एक्सेल फाइल असेल तर File, Info, Protect Workbook या वाटेने `Encrypt with Password` निवडा. पासवर्ड फाइलसोबत त्याच मेसेजमध्ये पाठवू नका.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे रकाना लपवून फाइल पाठवणं. `Hide` केलेला रकाना फाइलमध्येच असतो, समोरचा `Unhide` करून तो पाहू शकतो. म्हणून ट्रेकसाठी मूळ यादीची प्रत काढू नका. नवी कोरी शीट घ्या, त्यात जाणाऱ्या ३२ जणांची नावं आणि हवे तेवढेच रकाने उतरवा. डोंगरात नेटवर्क नसतं, म्हणून लीडरने हीच छोटी यादी कागदावर घ्यावी आणि परत आल्यावर फाडून टाकावी.

वर्गणी तपासायची असेल तर प्रत्येकाला त्याचीच ओळ पाठवावी. ईमेल एकदम पाठवताना सगळे पत्ते `Bcc` मध्ये घालावेत. सूचनांसाठी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट चालते. तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मात्र ज्यांनी क्लबचा नंबर फोनमध्ये साठवला आहे, त्यांनाच तो मेसेज पोहोचतो.

सदस्य सोडून गेला तर?

ट्रेकच्या सूचनांसाठी दिलेला नंबर बुटांच्या दुकानाला देता येत नाही, कारण तो त्या कामासाठी दिलेलाच नव्हता. सदस्याला आपल्याबद्दल काय नोंदवलं आहे ते पाहण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा आणि माहिती पुसायला सांगण्याचा हक्क आहे. कायद्याने ठेवावं लागणारं मात्र ठेवता येतं. म्हणून सोडून गेलेल्याचं नाव वर्गणीच्या पावत्यांत राहील. चालू यादीतून आणि ग्रुपमधून ते निघेल. नव्या नियमांत वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याची अट असल्याने पुसण्याची तारीख त्यानुसार लिहून ठेवावी.

आणि फाइल चुकून ग्रुपवर गेलीच तर? आधी 'सगळ्यांसाठी डिलीट' करावं. पण ज्यांनी ती उतरवून घेतली, त्यांच्या फोनमधली प्रत त्याने जाईलच असं नाही. म्हणून लगेच सगळ्या सदस्यांना साध्या शब्दांत सांगावं, की कोणती माहिती गेली, कुणाकडे गेली आणि आता काय काळजी घ्यायची. घरच्यांचे नंबर गेले असतील तर त्यांनाही कळवावं, कारण 'तुमच्या मुलाला ट्रेकमध्ये अपघात झालाय, पैसे पाठवा' असा फोन त्यांच्याच नंबरवर येऊ शकतो. नियम लागू झाल्यावर अशी घटना डेटा संरक्षण मंडळाला कळवणं आणि ७२ तासांत सविस्तर माहिती देणं हेही क्लबचंच काम असेल.

त्या सचिवांनी १४० रकानेभर ओळींऐवजी प्रत्येकाला एक ओळ पाठवली असती, तर अर्धा तास जास्त लागला असता. हिशेब मात्र तेवढाच जुळला असता.