नजर खाली गेली म्हणून गुण का कापता?

आयटी कंपन्यांच्या मुलाखतीत पॅनेलच्या हातात गुणांचा एक तक्ता असतो. मी काही वर्षे अशा पॅनेलवर बसतो आहे. तांत्रिक ज्ञान, संवाद यांच्या खाली बहुतेक तक्त्यांत ‘आत्मविश्वास’ असा रकाना असतो आणि त्यात एक प्रश्न हमखास येतो : उमेदवार डोळ्याला डोळा देऊन बोलतो का? माझे स्पष्ट मत आहे की हा प्रश्न काढून टाकला पाहिजे. त्यातून आत्मविश्वास मोजला जात नाही, घरातले वळण मोजले जाते.

मुळात किती वेळची नजर हवीशी वाटते? लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये सुमारे ५०० जणांवर केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावरची अनोळखी व्यक्ती आपल्याकडे पाहते आहे, तो वेळ फार कमी की फार जास्त वाटला, एवढेच सांगायचे होते. सरासरी निघाली ३.३ सेकंद. एका सेकंदाहून कमी किंवा नऊ सेकंदांहून जास्त वेळ कोणालाच आवडला नाही. म्हणजे नुसते रोखून पाहत राहणे हे आपलेपणाचे लक्षण नाहीच. ठरावीक वेळानंतर तीच नजर अंगावर येते.

आता समाज बदलला की काय होते ते पाहू. २०१३ मध्ये फिनलंड आणि जपानमधील लोकांचा तुलनात्मक अभ्यास झाला. समोरच्याने थेट पाहिले तेव्हा हृदयाच्या ठोक्यांवर दोन्हीकडे सारखाच परिणाम दिसला. पण थेट पाहणारा चेहरा जपानी लोकांना जास्त रागावलेला आणि जवळ जाऊ नये असा वाटला. शरीर सारखेच वागते, अर्थ मात्र जो तो आपल्या संस्कारांप्रमाणे लावतो.

आपल्याकडचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. वडीलधारे बोलत असताना डोळे वर केले तर ‘डोळे काय वटारतोस?’ असे ऐकावे लागते. मुस्लिम घरांत ‘नजर नीची रखो’ हे वाक्य मुलींच्या वाट्याला जरा जास्तच येते. वास्तविक कुरआनच्या सूरह नूरमध्ये नजर झुकवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे (आयत ३०) आणि नंतर स्त्रियांना (आयत ३१). आपण मात्र पहिली आयत विसरून दुसरीच तेवढी घरात लागू केली. मग वीस-बावीस वर्षे खाली पाहायला शिकवलेली मुलगी तीन अनोळखी पुरुषांच्या पॅनेलसमोर बसते आणि त्याच सवयीबद्दल तिचे गुण जातात.

एका मुलाखतीत मालेगावची अशीच एक उमेदवार होती. तिला विचारले, तारखेच्या कॉलमवर इंडेक्स असूनही क्वेरी हळू का चालते? तिने टेबलाच्या कोपऱ्याकडे पाहिले. दहा-बारा सेकंद शांतता. मग त्याच कोपऱ्याकडे पाहत ती म्हणाली, “अटीमध्ये तारखेच्या कॉलमवरच फंक्शन लावलंय, सर. त्यामुळे इंडेक्स वापरला जात नाही. फंक्शन काढून ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी अट लिहायला हवी.” वाक्य संपताना तिने क्षणभर वर पाहिले. उत्तर अचूक होते. तरीही माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने लिहिले : आत्मविश्वास कमी.

नजरेच्या अभ्यासाप्रमाणे पाहिले तर तिचे वागणे अगदी स्वाभाविक होते. ॲडम केंडन यांनी १९६७ मध्येच दाखवले होते की माणूस लांब बोलायला सुरुवात करताना नजर हटवतो आणि बोलणे संपवताना पुन्हा वर पाहतो. ती शेवटची नजर म्हणजे ‘आता तुम्ही बोला’ असा इशारा असतो. शिवाय अवघड प्रश्नावर विचार करताना चेहऱ्यावरून नजर काढली की डोक्यावरचा भार हलका होतो. नजर हटवायला शिकवलेल्या पाच वर्षांच्या मुलांनी प्रश्नांची उत्तरे अधिक चांगली दिली, असे संशोधकांना आढळले आहे.

म्हणून पॅनेलवरच्या मित्रांना माझे सांगणे आहे : नजर पाहायचीच असेल तर ती किती वेळ भिडली हे पाहू नका, केव्हा वर आली ते पाहा. प्रश्न ऐकताना आणि उत्तर संपताना ती तुमच्याकडे येत असेल तर संवाद नीट चालला आहे. तेवढीही येत नसेल तर उत्तर तपासा, गुण उत्तराला द्या. आणि उमेदवार विचारात असताना तुम्हीही त्याच्यावर नजर रोखून बसू नका, क्षणभर आपल्या कागदाकडे पाहा.

आपल्या वस्त्यांमधल्या मार्गदर्शन वर्गांत मुलींना ‘डोळ्यांत डोळे घालून बोला’ एवढेच शिकवले जाते. त्याऐवजी वाक्य संपताना वर पाहायचे, एवढीच सवय लावावी. त्यासाठी घरचा अदब सोडावा लागत नाही. आणि ‘नजर नीची रखो’ हे सांगायचेच असेल, तर ते घरातल्या मुलग्यांपासून सुरू करावे.