मशीन पाच लिटरचं, मास्क पंधरा लिटरचा

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत बीड जिल्ह्यात ऑक्सिजनसाठी धावाधाव झाली. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातला ऑक्सिजन प्रकल्प अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाकडे हलवण्याची वेळ आली. त्याच काळात अनेकांनी घरी कॉन्सन्ट्रेटर आणले. त्यांतली काही यंत्रं आजही दम्याच्या, फुप्फुसाच्या जुन्या रुग्णांना दिली जातात. ती वापरताना एक चूक वारंवार होते. मास्क मोठा लावला की ऑक्सिजन जास्त जातो, असं समजलं जातं.

शांत बसलेला माणूस श्वास आत घेतो तेव्हा हवा साधारण मिनिटाला २५ ते ३० लिटर वेगाने ओढली जाते. नाकातल्या नळीतून ५ लिटर ऑक्सिजन येत असेल, तर उरलेले २० लिटर खोलीतली हवा असते आणि तिच्यात ऑक्सिजन २१ टक्केच. हिशेब केला तर फुप्फुसात सुमारे ३७ टक्के ऑक्सिजन पोहोचतो. तोच रुग्ण धापा टाकत ५० लिटर वेगाने हवा ओढू लागला, तर काटा ५ वरच असूनही प्रमाण २९ टक्क्यांवर येतं. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा पातळ होतो.

साध्या मास्कला किमान ५ लिटर प्रवाह लागतो. त्याहून कमी ठेवला तर सोडलेला कार्बन डायऑक्साइड मास्कमध्येच साठतो आणि रुग्ण तोच पुन्हा ओढतो. म्हणून १ ते ४ लिटरसाठी नाकातली नळीच योग्य. पिशवीच्या मास्कला १० ते १५ लिटर लागतात, तेव्हा कुठे ६० टक्क्यांच्या वर प्रमाण जातं. पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला तो जोडला, तर श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होते. ही खूण दिसली की मास्कला प्रवाह पुरत नाही, हे ओळखावं. अशा मोठ्या प्रवाहासाठी सिलिंडर किंवा रुग्णालयातली पाइपलाइनच हवी.

पण सिलिंडर संपतो. सुमारे १५०० लिटरचा लहान सिलिंडर २ लिटरवर साडेबारा तास चालतो, १० लिटरवर अडीच तासच. कॉन्सन्ट्रेटर हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करतो, म्हणून संपत नाही. मात्र वीज गेली की थांबतो. भारनियमनाच्या गावात शेजारी भरलेला सिलिंडर असायलाच हवा.

काटा किती ठेवायचा, हे डॉक्टरांनी सांगितलेल्या पातळीवरून ठरतं. बहुतेकांना ९२ ते ९६ टक्के पुरतात. सीओपीडीच्या अनेक रुग्णांना ८८ ते ९२. त्यांना जास्त ऑक्सिजन दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येऊ शकते. पाच लिटरवरही आकडा ९० खाली राहत असेल, तर मास्क बदलत बसू नये. रुग्णाला रुग्णालयात हलवावं.