बंद पडलेल्या क्रमांकाची फिर्याद

रुग्णालयात खिळून पडलेल्या माणसाचा मोबाईल क्रमांक बंद झाला म्हणजे कंपनीकडे जे पत्र धाडले जाते, त्याचा आरंभ बहुधा आजाराच्या करुण वर्णनाने आणि शेवट कृपादृष्टीच्या याचनेने होतो. आणि माझ्या मते त्या पत्राचा पराभव तेथेच निश्चित होतो, कारण जेथे नियमाच्या आधारे दाद मागता येते तेथे दया मागणारा अर्जदार आपण होऊन निर्णयाची सर्व सत्ता समोरच्याच्या हाती देतो.

कंपनीचा पूर्वपक्ष आधी नीट ऐकून घेऊ. क्रमांक ही मर्यादित राष्ट्रीय संपत्ती आहे, न वापरलेला क्रमांक अनंत काळ राखून ठेवता येत नाही, बंद करण्यापूर्वी संदेशाने सूचना दिली होती, आणि आजारपणासाठी नियमात सूट नाही, असे ती म्हणते. यातील पहिले विधान यथार्थ आहे. परंतु त्याच मर्यादेचा विचार करून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ साली प्रीपेड ग्राहकांसाठी जी व्यवस्था लावून दिली, ती कंपनीवरही बंधनकारक आहे. सलग ९० दिवस कोणताही वापर नसल्याखेरीज क्रमांक बंद करता येत नाही. आलेला कॉलही वापरातच गणला जातो. त्या वेळी खात्यात २० रुपये वा अधिक शिल्लक असेल तर ती रक्कम वळती करून मुदत आणखी ३० दिवस वाढविली पाहिजे. आणि बंद झाल्यावरही १५ दिवसांच्या सवलतीत तोच क्रमांक परत घेता येतो.

घटकाभर असे समजू, की चांदूर बाजार तालुक्यातील एक संत्रा बागायतदार अपघातानंतर नागपूरच्या रुग्णालयात दाखल झाला, त्याचा शेवटचा कॉल १ जूनचा, शिल्लक २६ रुपये आणि फोन घरी कपाटात बंद पडलेला. ९० दिवस ३० ऑगस्टला भरतात. २० रुपये वळते होऊन मुदत २९ सप्टेंबरपर्यंत जावयास हवी. कंपनीने क्रमांक १ सप्टेंबरला बंद केला आणि गृहस्थ १२ तारखेला घरी आला, तर त्याला आजाराचा आधारच नको; नियमभंग तारखांनीच सिद्ध होतो. शिल्लक नव्हती असे कंपनी म्हणाली, तरी १२ तारीख १५ दिवसांच्या आतच पडते.

सूचनेचा मुद्दा तर मुळीच टिकत नाही. ज्या फोनवर संदेश धाडला तो बंद होता आणि धनी अतिदक्षता विभागात होता. अशा सूचनेने कंपनीचे दफ्तर पुरे होईल, ग्राहकाला मात्र काहीही कळत नाही. ‘नवे सिम घ्या’ हा उपदेशही तितकाच उथळ आहे, कारण बँकेचा ओटीपी जुन्याच क्रमांकावर जातो आणि आधारला नवा क्रमांक जोडण्याची खटपट त्या दुबळ्या माणसाच्या मागे लागते.

आजारासाठी सूट नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. शिल्लक नाही, ९० दिवस उलटले आणि सवलतीचे १५ दिवसही गेले, तर हक्क संपून विनंतीच उरते. तरीही तेवढ्याने क्रमांक हातचा जात नाही. बंद केलेला क्रमांक किमान ९० दिवस नव्या ग्राहकास देत नाहीत, असे प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले आहे. म्हणून पत्राची पहिली मागणी हीच असावी, की तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हा क्रमांक इतर कोणास देऊ नये. तो एकदा दुसऱ्याच्या नावे गेला, की परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते.

त्यानंतर क्रमांक, सिमवरील छापील आकडे, शेवटच्या वापराची, भरतीची आणि सुट्टीची तारीख लिहावी, डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडावी आणि खाते कोणत्या दिवशी व किती शिलकीवर बंद केले याचा लेखी खुलासा मागावा. शिल्लक आठवत नसल्यास, प्रीपेड ग्राहकास मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब फार तर ५० रुपयांत मागता येतो. त्यात शेवटचा वापर निर्विवाद दिसतो. आजारी माणसास हिंडता येत नसेल तर त्याने सही वा अंगठा केलेले अधिकारपत्र मुलाच्या हाती द्यावे.

दुकानदाराच्या तोंडी ‘होत नाही’वर कोणी परत फिरू नये. १९८ वर तक्रार नोंदवून तिचा नोंदणी क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करावे, त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावयास हवा. तेथेही न्याय न मिळाल्यास अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ऐकण्याचा अशा आयोगांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्य केला आहे. तेव्हा ज्यांच्या घरी असा माणूस नुकताच परतला असेल त्यांनी त्याचा फोन आजच सुरू करून पाहावा, आणि तो बंद आढळल्यास पत्र उद्यावर टाकू नये.