पैसे जमा, हिशेब बेपत्ता

नोकरी सुटल्यावर पीएफ पूर्ण काढायला दोनऐवजी बारा महिने आणि पेन्शनच्या पैशासाठी छत्तीस महिने थांबायचे, असे ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी ठरवले. त्यावर ओरड झाली, ती रास्तच होती. पण इतके थांबून मागितले त्यापेक्षा कमी पैसे का आले, हे कामगाराला सांगण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तसाच राहिला.

तेलगावच्या साखर कारखान्यावर चार वर्षे राबलेला एखादा कंत्राटी कामगार धरू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून पंधरा हजार. दरमहा त्याचे १,८०० कापले जातात आणि मालकही तेवढेच भरतो. मालकाच्या रकमेतले १,२५० मात्र पेन्शन खात्यात जातात, पीएफमध्ये उरतात ५५०. पासबुकात तीन रकाने असतात. तिन्हींची बेरीज व्याज सोडून १,७२,८०० होते आणि कामगार तीच आपली समजतो. फॉर्म १९ भरला की पोर्टलवर ‘Settled’ दिसते आणि बँकेत व्याजाखेरीज १,०१,५२० येतात. बाकीचे ७१,२८० कुठे गेले?

त्यातले साठ हजार पेन्शनच्या रकान्यातले. त्यासाठी फॉर्म १०सी वेगळा भरावा लागतो. तो पैसाही रकान्याप्रमाणे मिळत नाही, कोष्टकाप्रमाणे मिळतो. चार वर्षांना पगाराच्या ३.९९ पट, म्हणजे ५९,८५०. या रकान्यावर व्याज नाही. उरलेले ११,२८० हा दहा टक्के कर. नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम पन्नास हजार किंवा जास्त असली की तो कापतात, व्याजावरही कापतात. पॅन जोडलेला नसेल तर वीस टक्के.

खरा अन्याय इथेच होतो. याच माणसाने आधी दोन वर्षे चाकणला काम केले असेल, तर त्याची नोकरी सहा वर्षांची आणि कर शून्य. पण जुने खाते नव्यात वर्ग केलेले असले तरच ती दोन वर्षे धरली जातात. हे हस्तांतरण पैसे काढण्याआधी व्हायला हवे. गावोगाव काम बदलणाऱ्या माणसाला हे कोण सांगते? उत्पन्न करपात्र नसेल तर अर्जासोबत तसे स्वघोषणापत्र दिल्यास कर कापला जात नाही, आणि कापला गेला तरी विवरणपत्र भरून परत मिळतो. सायबर कॅफेत पैसे मोजून अर्ज भरून घेणाऱ्याच्या कानावर यातले काहीच पडत नाही.

ट्रॅकिंगमध्ये मंजूर रक्कम आणि तारीख दिसते. कापलेल्या प्रत्येक रुपयाचे कारण दिसत नाही. पैसे कामगाराचे आहेत, तेव्हा हिशेबही त्याच्या हातात हवा, तोही मराठीत.

दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ईपीएफओचे ‘निधी आपके निकट’ शिबिर होते. पुढच्या शिबिरापासून प्रत्येक निकाली दाव्याची मराठी हिशेबचिठ्ठी द्या, आणि खाते वर्ग नसेल तर फॉर्म १९ स्वीकारण्याआधी तसे बजावून सांगा.