विश्लेषण : ‘टॅप’ची मर्यादा पाच हजारांची, पण ती नुकसानीची मर्यादा नव्हे

मुंबई : ‘आपले कार्ड यंत्राजवळ धरा आणि 5,000 रुपयांपर्यंतची रक्कम पिन न टाकता भरा,’ अशा आशयाचे ई-मेल बँकांकडून खातेदारांना अधूनमधून येत असतात. नवे कार्ड हाती पडल्यावर, जुन्या कार्डाची मुदत संपून ते बदलून आल्यावर किंवा ‘टॅप’ची सुविधा सुरू करण्याचे आवाहन करण्यासाठी ते पाठवले जातात. त्यात दिलेली माहिती सहसा बरोबर असते. मात्र 5,000 रुपये हा आकडा वाचून बहुतेक खातेदार जो अर्थ काढतात, तो बरोबर नसतो. कार्ड हरवले तरी फार तर पाच हजारच जातील, असा हा समज आहे. रिझर्व्ह बँकेचे नियम एकमेकांशेजारी ठेवून वाचले की वेगळे चित्र दिसते.

हा आकडा कशाचा आहे, हे आधी पाहायला हवे. देशात कार्डाने पैसे भरताना पिन किंवा ओटीपीसारखी अतिरिक्त पडताळणी बंधनकारक आहे. चिप असलेल्या संपर्करहित कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने मे 2015 मध्ये त्यात सवलत दिली आणि 2,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिनची अट काढली. 1 जानेवारी 2021 पासून ही मर्यादा 5,000 रुपये झाली. ती प्रत्येक व्यवहारासाठी आहे. ती दिवसाची, महिन्याची किंवा कार्डाची एकूण मर्यादा नाही. एका दुकानात 4,900 रुपये भरल्यानंतर शेजारच्या दुकानात पुन्हा 4,900 रुपये भरण्यास हा नियम आडवा येत नाही.

सवलतीला कुंपणही आहे. एटीएममधून पैसे काढताना रक्कम कितीही लहान असली तरी ती लागू होत नाही. कार्ड समोर नसताना केलेल्या, म्हणजे ऑनलाइन, खरेदीलाही ती लागू नाही. मर्यादेपेक्षा मोठ्या रकमेसाठी पिन द्यावाच लागतो. शिवाय ग्राहकाला ‘टॅप’ची सक्ती करता येत नाही. दोनशे रुपयांच्या बिलासाठीही कार्ड यंत्रात घालून पिन टाकण्याचा आग्रह ग्राहक धरू शकतो आणि तशी सोय बँकांनी उपलब्ध ठेवायची आहे. हा अधिकार 2015 च्या परिपत्रकातच नमूद आहे. प्रचाराच्या ई-मेलमध्ये तो क्वचितच वाचायला मिळतो.

‘टॅप’बद्दलची सर्वांत प्रचलित भीती गर्दीची असते. खिशातल्या कार्डाजवळून कोणी यंत्र फिरवले तर पैसे जातील का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कार्ड आणि यंत्र यांच्यातील लहरींचा संपर्क जेमतेम चार सेंटिमीटर अंतरात होतो. प्रत्येक ‘टॅप’च्या वेळी कार्डातील चिप त्या एकाच व्यवहारापुरता सांकेतिक अंक तयार करते. तो चोरून पुन्हा वापरला तर बँकेची यंत्रणा तो नाकारते. शिवाय पैसे घेण्यासाठी यंत्र कोणत्या तरी व्यापाऱ्याच्या नावावर नोंदलेले असावे लागते आणि रक्कम त्याच्या खात्यातच जमा होते. त्यामुळे चालता चालता खिशातून पैसे उडवणे तत्त्वतः शक्य असले तरी चोराच्या दृष्टीने ते अडचणीचे आहे. खरा धोका त्याहून साधा आहे. कार्ड प्रत्यक्ष दुसऱ्याच्या हाती पडले तर 5,000 रुपयांच्या आतील प्रत्येक खरेदीसाठी त्याला काहीही ठाऊक असण्याची गरज उरत नाही.

युरोपीय संघाच्या नियमांत याला उपाय आहे. तिथे एका संपर्करहित व्यवहारासाठी 50 युरोची मर्यादा आहेच; त्याशिवाय पिनविना झालेल्या व्यवहारांची बेरीज 150 युरोपर्यंत किंवा सलग व्यवहारांची संख्या पाचपर्यंत पोहोचली की पुढे ओळख पुन्हा पटवावी लागते. भारतात दिवसाला किंवा महिन्याला असे किती व्यवहार होऊ द्यायचे, हे 2015 च्या परिपत्रकाने बँकांवर सोपवले. आपल्या बँकेने ही संख्या किती ठेवली आहे, याचे उत्तर ई-मेलमध्ये शोधावे. तिथे नसेल तर ते बँकेला विचारावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका खातेदाराचे डेबिट कार्ड शुक्रवारी संध्याकाळी रिक्षात पडले. त्याच रात्री त्यावर तीन खरेद्या झाल्या : 4,850, 4,600 आणि 3,900 रुपयांच्या. एकूण 13,350 रुपये गेले. प्रत्येक व्यवहार मर्यादेच्या आत असल्याने पिन कुठेच मागितला गेला नाही. तीनही व्यवहारांचे संदेश रात्रीच मोबाइलवर आले, पण ते पाहिले गेले नाहीत.

आता जबाबदारी कोणाची, हे रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकावर तपासता येते. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाचे दायित्व किती, याची चौकट त्यात आखून दिली आहे. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याचे दायित्व शून्य असते. संदेश मिळाल्याचा दिवस यात धरला जात नाही आणि कामकाजाचे दिवस ग्राहकाच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकानुसार मोजले जातात. आपल्या उदाहरणातला शनिवार महिन्यातला दुसरा शनिवार असेल, तर तो आणि रविवार दोन्ही सुट्टीचे. सोमवार पहिला, मंगळवार दुसरा आणि बुधवार तिसरा दिवस. बुधवारपर्यंत तक्रार नोंदवली तर पूर्ण 13,350 रुपये परत मिळण्याचा दावा करता येतो.

तक्रार गुरुवारी नोंदवली, तर चौथा दिवस उजाडलेला असतो. चार ते सात कामकाजाच्या दिवसांच्या उशिरासाठी परिपत्रकात दायित्वाच्या कमाल रकमा ठरवल्या आहेत : मूलभूत बचत ठेव खात्यासाठी 5,000 रुपये, इतर बचत खात्यांसाठी आणि 5 लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डांसाठी 10,000 रुपये, त्याहून मोठ्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डांसाठी 25,000 रुपये. वरवर पाहता खातेदाराला दहा हजारांपेक्षा जास्त झळ बसणार नाही, असे वाटते. पण परिपत्रकातील शब्द नीट वाचावे लागतात. ही मर्यादा प्रत्येक व्यवहारामागे आहे आणि व्यवहाराची रक्कम किंवा तक्त्यातील रक्कम यांपैकी जी कमी असेल ती ग्राहकावर पडते.

इथेच ‘टॅप’चे गणित वेगळे ठरते. पिनविना झालेला एकही व्यवहार 5,000 रुपयांच्या वर जात नाही. त्यामुळे तो तक्त्यातील सर्वांत लहान रकमेपेक्षाही मोठा असू शकत नाही. आपल्या उदाहरणात 4,850, 4,600 आणि 3,900 या तिन्ही रकमा आपापल्या जागी 10,000 पेक्षा कमी आहेत. म्हणून गुरुवारी तक्रार केल्यास पूर्ण 13,350 रुपये खातेदाराच्याच माथी येऊ शकतात. मोठ्या फसवणुकीत ग्राहकाला आधार देणारी ही कमाल मर्यादा लहान लहान ‘टॅप’च्या बाबतीत काहीच वाचवत नाही. सात दिवसांनंतर तर निर्णय बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणावर जातो. सारांश, ‘टॅप’साठी ग्राहकाच्या हाती खरे संरक्षण पहिल्या तीन कामकाजाच्या दिवसांचेच आहे.

कार्ड हरवणे हा ग्राहकाचा निष्काळजीपणा मानायचा का, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतची रक्कम ग्राहकाने सोसायची असते. परिपत्रक त्याचे उदाहरण म्हणून पिन किंवा ओटीपीसारखी गोपनीय माहिती दुसऱ्याला देण्याचा उल्लेख करते. ‘टॅप’मध्ये अशी कोणतीही माहिती लागतच नाही. शिवाय दायित्व ग्राहकाचे आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. व्यवहार ‘टॅप’ने झाला की चिप आणि पिनने, हे बँकेच्या नोंदीत स्वतंत्रपणे दिसते. त्यामुळे तक्रारीत ‘व्यवहार कोणत्या पद्धतीने झाला, याची नोंद द्यावी’ अशी स्पष्ट मागणी करणे उपयोगाचे ठरते. कळवल्यानंतर झालेले कोणतेही नुकसान बँकेचे असते आणि दाव्यातील रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत खात्यात तात्पुरती जमा करणे बँकेवर बंधनकारक आहे.

नुकसानीची खरी कमाल रक्कम ठरवण्याचे साधन खातेदाराकडे आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020 च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड देताना ‘टॅप’ची सुविधा बंद ठेवायची असते आणि ग्राहकाने ती स्वतः सुरू करायची असते. ती चालू-बंद करण्याची आणि तिची मर्यादा ठरवण्याची सोय बँकांनी ॲप, इंटरनेट बँकिंग, एटीएम अशा मार्गांनी चोवीस तास द्यायची आहे. अनेक बँकांच्या ॲपमध्ये ही मर्यादा दिवसाची असते. वरील खातेदाराने ती 2,000 रुपये ठेवली असती, तर त्या रात्रीच्या तीनपैकी एकही व्यवहार त्या मर्यादेत बसला नसता. मात्र मध्यरात्रीनंतर नव्या दिवसाची मर्यादा पुन्हा मोकळी होते, हे विसरता येत नाही.

एका फरकाकडे दुर्लक्ष होता कामा नये. ॲपमधील कळ दाबून ‘टॅप’ बंद केल्याने पुढचे व्यवहार थांबतात, पण त्याने आधीच्या व्यवहारांची तक्रार नोंदली जात नाही. दायित्वाचे घड्याळ थांबते ते बँकेला कळवल्यावर. म्हणून कार्ड बंद केल्यानंतर अनधिकृत व्यवहारांची तक्रार स्वतंत्रपणे करून तक्रार क्रमांक आणि वेळ जपून ठेवणे आवश्यक आहे. मर्यादा बदलण्यासाठी ई-मेलमधील दुव्यावर न जाता थेट बँकेचे ॲप उघडावे, कारण अशाच मजकुराचे बनावट ई-मेलही पाठवले जातात.

बँकांच्या ई-मेलपुरता प्रश्न उरतो तो त्यांनी न सांगितलेल्या भागाचा. कार्ड देतानाच ग्राहकावर येऊ शकणारे कमाल दायित्व आणि कार्ड हरवल्यास कळवण्याची जबाबदारी स्पष्ट करावी, असे 2015 चे परिपत्रक बँकांना सांगते. त्या निकषावर पाहता ‘5,000 रुपयांपर्यंत पिन नको’ हे वाक्य अर्धेच आहे. दिवसाला असे किती व्यवहार होऊ शकतात आणि किती दिवसांत कळवले नाही तर पैसे खातेदाराचे जातात, या दोन ओळी त्याच ई-मेलमध्ये छापल्या तरच ग्राहकाला सुविधेची पूर्ण किंमत कळेल.