टेंडरचं भाषांतर म्हणजे 'साधारण अर्थ' नव्हे!

आपल्या भागातली कितीतरी माणसं आखातात आहेत. कुणीतरी पेपरातल्या निविदेचा फोटो काढतं. तो तिकडच्या अरब पुरवठादाराला दाखवायचा असतो, म्हणून इथल्या अरबी जाणणाऱ्याला गाठून सांगतं, "मौलाना, साधारण अर्थ लिहून द्या." माझा आक्षेप याच 'साधारण'ला आहे. निविदेत साधारण काहीच नसतं.

आधी क्रमांक घ्या. समजा, तो १०/२०२५-२६ आहे. आपलं शून्य आणि अरबी पाच दिसायला जवळपास सारखे. अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यात अरबी अक्षरांच्या ओळीत हाच क्रमांक टाइप केला की उजवीकडून डावीकडच्या लिपीत आडवी रेघ पलटी मारते आणि १०/२०२५-२६ चं २६-१०/२०२५ दिसतं. अशा क्रमांकाने पोर्टलवर शोधलं तर ना निविदा सापडते, ना नंतर निघालेलं शुद्धिपत्रक. म्हणून क्रमांकाचं भाषांतर करायचंच नाही. इंग्रजी अंकांत, स्वतंत्र ओळीवर उतरवायचा आणि फोटोशी एकेक अंक ताडायचा.

दुसरी गोष्ट मुदत. आखाती अरबीत जून म्हणजे 'युनियो' आणि जुलै म्हणजे 'युलियो'. एका अक्षराचा फरक, आणि महिना गेला! महिन्याचं नाव लिहा, शेजारी आकडाही लिहा. 'दुपारी ३ वाजेपर्यंत' असेल तर 'भारतीय वेळ' ही टीप जोडा. आपले तीन वाजतात तेव्हा दुबईत दीड आणि रियाधमध्ये साडेबारा झालेले असतात. तिथले तीन धरून बसलेल्याचं टेंडर गेलंच समजा.

सगळ्यात घातक पात्रतेची अट. एक कोटीच्या कामाला नेहमीची अट अशी असते: गेल्या ७ वर्षांत त्याच प्रकारची ४० लाखांची तीन कामं, किंवा ५० लाखांची दोन, किंवा ८० लाखांचं एक. अरबीत 'आणि' हे एकच अक्षर, पुढच्या शब्दाला चिकटलेलं. 'किंवा'मध्ये त्याच्या आधी फक्त एक अलिफ जास्त. तो अलिफ सुटला की तिन्ही अटी एकदम लागू होतात आणि पात्र माणूस घरी बसतो. 'लाख' अरबांना कळत नाही. ८० लाख म्हणजे ८ मिलियन, असंच लिहायला हवं. 'किमान'चं 'सुमारे' झालं तरी तेच नुकसान.

फोटोत आकडा पुसट असेल तर अंदाज नको. 'वाचता येत नाही' असं अरबीत लिहा आणि दुसरा फोटो मागवा.

आणि साहेब लोकांनो, निविदेचा वाकडा, धूसर स्कॅन पोर्टलवर टाकून 'प्रसिद्ध केली' म्हणणं बंद करा. जी मराठी माणसालाच वाचता येत नाही, ती कुठल्या भाषेत नेणार?