बूस्ट पुरेसे की जाहिरात शिकायची?

घरबसल्या समोसे, मसाले, अबाया विकणाऱ्या अनेक भगिनी आम्हाला एकच प्रश्न विचारतात: फेसबुकवर पोस्ट टाकली की खाली ‘Boost post’ असे निळे बटण येते, ते दाबावे की ‘Ads Manager’ शिकून घ्यावे? एक हिशेब मांडून पाहिला की याचे उत्तर आपोआप मिळते.

समजा, एका घरात रमजानसाठी खिम्याचे कच्चे समोसे तयार होतात. २५ नगांच्या डब्यामागे ९० रुपये सुटतात. गिऱ्हाईक आपल्याच गावातले आहे आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते. अशा धंद्याला बूस्ट पुरते. मात्र बटण दाबल्यावर जी पाने उघडतात, त्यांत तीन गोष्टी आपल्या हाताने ठरवाव्या लागतात.

पहिली गोष्ट उद्दिष्टाची. इथे ‘संदेश’ निवडायचे. फेसबुक आपण मागू तेच देते. लाईक मागितले तर लाईक करणारी माणसे शोधून आणते, पण ती डबा घेतीलच असे नाही. दुसरी गोष्ट जागेची. नकाशावर आपल्या मोहल्ल्याची खूण करून, डबा जिथवर पोहोचवता येईल तेवढेच अंतर ठेवायचे. हा रकाना न पाहता पुढे गेलो तर दूरच्या शहरातून ‘भाव काय?’ असे विचारणारे संदेश येत राहतात आणि पैसे संपतात. तिसरी गोष्ट रक्कम आणि दिवसांची. शेवटची तारीख नक्की भरावी.

रोज १५० रुपये, असे चार दिवसांचे ६०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की एकूण ७०८ होतात. यातून ४० संदेश आले आणि १२ डबे गेले, तर एका डब्यामागे जाहिरातीचा खर्च ५९ रुपये पडला. नव्वदमधून ते वजा केले की ३१ रुपये हाती राहिले. सहाच डबे गेले असते तर खर्च ११८ पडला असता, म्हणजे डब्यामागे २८ रुपयांचा तोटा. पोस्टवर दोनशे लाईक असले तरी हा तोटा तसाच राहतो. संदेशांपैकी कोणत्या संदेशाची ऑर्डर झाली हे फेसबुकला आपोआप कळत नाही. म्हणून वहीत दोनच रकाने ठेवा: गिऱ्हाईक कुठून आले आणि डबे किती गेले. तेच गिऱ्हाईक पुन्हा आले तर त्या डब्याला जाहिरातीचा खर्च नाही, हेही वहीतच दिसेल.

आता समजा, त्याच घरातून बिर्याणी मसाल्याची पाकिटे वेबसाइटवरून राज्यभर कुरियरने जाऊ लागली. इथे बूस्ट तोकडे पडते. ‘पिक्सेल’ नावाचा छोटा कोड वेबसाइटवर बसवून ‘विक्री’ हे उद्दिष्ट निवडले की ॲड्स मॅनेजर नुसते बघणारे नव्हे, तर विकत घेण्याची शक्यता असलेले लोक शोधतो. पाकीट पाहून न घेता गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवता येते आणि ज्यांनी नुकतेच घेतले त्यांना वगळता येते. मसाल्याचा फोटो चालतो की शिजलेल्या देगचीचा, हेही ताडून पाहता येते. हे काम शिकण्याजोगे आहे.

पण त्याला मर्यादा आहे. कोणाला जाहिरात दाखवावी हे नीट समजायला या यंत्रणेला जाहिरातींच्या एका संचामागे आठवड्याला साधारण ५० विक्री लागतात. तोवर तिथे ‘Learning’ असा शब्द दिसतो आणि खर्च खालीवर होत राहतो. एका विक्रीला १०० रुपये पडत असतील, तर आठवड्याला ५,००० रुपये झाले. हाती हजारच असतील आणि त्यांचे पाच संच पाडले, तर एकाही संचाला पुरेशी विक्री मिळत नाही. थोडे पैसे असतील तर एकच संच ठेवावा आणि त्यात रोज बदल करू नये, कारण मोठा बदल केला की हे शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

म्हणून गिऱ्हाईक गावातले, ऑर्डर फोनवर आणि खर्च महिन्याला हजार-दोन हजार असेल, तोवर बूस्ट आणि वही पुरे. माल गावाबाहेर जाऊ लागला, विक्री वेबसाइटवर होऊ लागली आणि वहीत सलग काही महिने नफा दिसला, की ॲड्स मॅनेजर शिकायला बसा. सुरुवात करताना तिथे ‘Use existing post’ निवडून, आधी ज्या पोस्टने डबे विकले तीच घ्या. तिच्यावरच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या प्रतिक्रिया तिच्यासोबत राहतात आणि नवे गिऱ्हाईक आधी त्याच वाचते.